भोक तेच, मोजायचं कुठून?

भोसरीच्या किंवा शिरोलीच्या एमआयडीसीतल्या कुठल्याही वर्कशॉपमध्ये जा, मशीनच्या दाराला चिमट्यात अडकवलेला एक तेलकट कागद दिसेल. ते ड्रॉइंग. त्याच्या कोपऱ्यात चार-पाच ओळींचं एक बारीक कोष्टक असतं: रिव्हिजन ०१, ०२, ०३ आणि प्रत्येकीसमोर तारीख, सही आणि काय बदललं त्याची एखादी त्रोटक ओळ. ‘०४ – डॉवेल होल टॉलरन्स व डेटम बदलला’ एवढंच तिथे लिहिलेलं असतं. ड्रॉइंग काढणाऱ्याला ते पुरतं. ज्याला त्या बरहुकूम लोखंड कापायचं आहे त्याला पुरत नाही. मग डिझाइन विभागातल्या कुणाला तरी बसून वर्कशॉपला एक मेल लिहावा लागतो.

असा मेल नीट लिहिला गेला नाही तर काय होतं, हे या व्यवसायातल्या प्रत्येकाला ठाऊक आहे. बदललेला आकडा सगळ्यांना दिसतो, कारण आकड्याकडे बघायची सवय असते. तो आकडा कुठून मोजायचा हे बदललं असेल, तर ते नजरेतून निसटतं. जॉब आकड्यांत अगदी बरोबर उतरतो आणि जोडणीत बसत नाही. हे कसं घडतं ते समजण्यासाठी उदाहरणादाखल एक जॉब घेऊ आणि त्यावरचा एक मेलही पूर्ण वाचू.

जॉब म्हणजे गिअरबॉक्सचं कव्हर. बीडाचं ओतीव, जेवणाच्या ताटलीपेक्षा थोडं लहान. मधोमध ६२ मिलिमीटरचा बोअर, त्यात ६२०६ नंबरचं बेअरिंग बसतं. शाफ्टचं एक टोक गिअरबॉक्सच्या बॉडीतल्या बेअरिंगमध्ये आणि दुसरं टोक या कव्हरमधल्या. दोन्ही बेअरिंगांमध्ये अंतर १२० मिलिमीटर. कव्हर बॉडीवर चार बोल्टांनी आवळलेलं असतं, पण बोल्ट कव्हरची जागा ठरवत नाहीत. आठच्या बोल्टला भोक नऊचं ठेवलेलं असतं, म्हणजे कव्हर अर्धा मिलिमीटर इकडे किंवा तिकडे सहज सरकतं. जागा ठरवतात त्या दोन डॉवेल पिना. बॉडीत घट्ट ठोकलेल्या, ग्राइंड करून गुळगुळीत केलेल्या, दहा मिलिमीटर जाडीच्या. कव्हरला बोअरच्या दोन्ही बाजूंना, केंद्रापासून ५५ मिलिमीटरवर दोन भोकं असतात, ती या पिनांवर बसतात. पिना जिथे बसवतील तिथे कव्हर, आणि कव्हर जिथे तिथे शाफ्टचं एक टोक.

तक्रार आली ती जोडणी विभागाकडून. काही गिअरबॉक्स आवाज करत होते. उघडून दातांना निळं लावून फिरवून पाहिलं, तर निळा ठसा दाताच्या पूर्ण रुंदीवर न उमटता एका कडेलाच उमटत होता. म्हणजे शाफ्ट तिरका. कव्हरचे तपासणी अहवाल काढले तर सगळे ‘ओके’. बोअर ओके, दोन्ही डॉवेल होल ओके. वर्कशॉपने ड्रॉइंगच्या बाहेर काहीच केलेलं नव्हतं.

दोष ड्रॉइंगमध्येच होता, आणि तो वजाबाकी-बेरजेचा होता. जुन्या ड्रॉइंगमध्ये बोअरची जागाही कव्हरच्या दोन कडांवरून ठरवली होती आणि डॉवेल होलची जागाही त्याच दोन कडांवरून. दोघांनाही सूट सारखीच: खऱ्या जागेभोवती ०.१ मिलिमीटर व्यासाचं वर्तुळ, केंद्र त्याच्या आत कुठेही चालेल. म्हणजे कुठल्याही एका दिशेला फार तर ०.०५ चूक. आता समजा एखाद्या कव्हरमध्ये बोअर ०.०५ डावीकडे सरकला आणि दोन्ही डॉवेल होल ०.०५ उजवीकडे सरकली. दोघंही आपापल्या वर्तुळात आहेत, दोघंही ओके. पण त्यांचं एकमेकांशी नातं ०.१ ने चुकलं. शिवाय भोक दहा ते दहा दशांश एक एवढं चालणारं, साध्या ड्रिलने पाडलेलं. पिन ९.९९१ ते १०.०००. भोक मोठ्यात मोठं आणि पिन बारकीत बारीक निघाली तर एकूण ढिलाई ०.१०९, म्हणजे कव्हर एका बाजूला आणखी ०.०५५ सरकू शकतं. दोन्ही मिळून साधारण दीडदशांश मिलिमीटर.

माणसाचा केस साधारण ०.०७ मिलिमीटर जाडीचा धरला तर हे दोन केसांएवढं झालं. ऐकायला क्षुल्लक. पण १२० मिलिमीटर अंतरावरच्या दोन बेअरिंगांपैकी एक एवढं सरकलं, की ३० मिलिमीटर रुंदीच्या गिअरच्या एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत शाफ्ट जवळपास ०.०४ ने कलतो. दातांच्या दुनियेत हे खूप आहे. सगळा भार दाताच्या एका कोपऱ्यावर येतो आणि गिअर ओरडू लागतो.

तेव्हा डिझाइन इंजिनिअरबाईंनी ड्रॉइंग बदललं आणि वर्कशॉपच्या मालकांना हा मेल पाठवला.

*

विषय: बेअरिंग कव्हर – रिव्हिजन ०३ रद्द, ०४ लागू. डॉवेल होलचं टॉलरन्स आणि डेटम, दोन्ही बदलले आहेत.

नमस्कार साहेब,

सोबत कव्हरचं रिव्हिजन ०४ जोडलं आहे. बदल तीन आहेत. टॉलरन्सचा आकडा लगेच दिसेल. डेटमचा बदल तेवढा पटकन दिसणार नाही, म्हणून तो आधी सांगते.

डेटम: आतापर्यंत दोन्ही डॉवेल होल फेस ए, डावी कड बी आणि खालची कड सी यांवरून काढत होतो. आता ती फेस ए आणि ६२ च्या बोअरवरून काढायची आहेत. बोअरला डी हे नवं अक्षर दिलं आहे. बी आणि सी ही अक्षरं ड्रॉइंगवरून पूर्ण काढून टाकली आहेत. बोअरलाच बी म्हणता आलं असतं, पण मग कुणीतरी सवयीने कडेवरूनच मोजलं असतं.

टॉलरन्स: भोकाचा व्यास आधी १०.० ते १०.१ होता, आता १० एच-७, म्हणजे १०.००० ते १०.०१५. जागेचं टॉलरन्स आधी ०.१ व्यास होतं, आता ०.०५ व्यास. हे ०.०५ वर्तुळाच्या व्यासाचं माप आहे. केंद्रापासून कुठल्याही दिशेला चूक ०.०२५ पर्यंतच चालेल, कृपया प्लस-मायनस ०.०५ असं वाचू नये.

कडा: चारही बाहेरच्या कडा आता मशीनिंग न करता ओतीव राहिल्या तरी चालतील. बोअरपासून कडेपर्यंतच्या मापाला प्लस-मायनस ०.५ दिलं आहे, ते फक्त दिसण्यापुरतं.

कारण: पिनांवर कव्हर बसतं आणि कव्हरमधल्या बोअरवर शाफ्टची रेषा ठरते. त्यामुळे पिनेचं भोक आणि बोअर यांचं आपसातलं अंतर महत्त्वाचं. कडेला जोडणीत कुठलंच काम नाही. जुन्या ड्रॉइंगमध्ये आम्ही दोघांना कडेवरून मोजत होतो, त्यामुळे दोन्हीकडची सूट मिळून बेरीज होत होती. तुमचा माल ड्रॉइंगप्रमाणेच होता.

चालू माल: ज्या कव्हरांना डॉवेल होल अजून पाडलेली नाहीत, ती सगळी ०४ प्रमाणे करावीत. भोकं पडलेली जितकी असतील ती वेगळी ठेवावीत आणि संख्या कळवावी. ती रीमर मारून दुरुस्त करू नयेत, त्याबद्दल खाली लिहिलं आहे. पाठवून झालेल्या मालाचं आम्ही इथे बघतो.

जिग आणि तपासणी: कडेवर टेकणारं जुनं ड्रिल जिग या जॉबला वापरू नये. सीएमएमचा जुना प्रोग्रामही चालणार नाही, कारण त्यात शून्य कडेवर आहे. पहिल्या जॉबच्या अहवालात प्रत्येक भोकाची एक्स आणि वाय मधली चूक बोअरच्या केंद्रापासून वेगवेगळी द्यावी, नुसतं ‘ओके’ नको.

जुनी भोकं: रीमर असलेल्या भोकाच्या मागे जातो, भोकाची जागा सुधारत नाही. आणि तुमची काही भोकं १०.०१५ च्या वर असतील, त्यांना एच-७ करणं शक्यच नाही. ती वाचवायची असतील तर बोअरवरून शून्य धरून १२ एच-७ पर्यंत बोरिंग करता येईल आणि आम्ही पायरीची पिन देऊ. पण त्यासाठी लेखी परवानगी आणि वेगळा पार्ट नंबर लागेल. संख्या कळल्यावर ठरवू.

रिव्हिजन ०३ च्या छापील प्रती मशीनवरून काढून टाकाव्यात. काही शंका असेल तर कामाला लागण्याआधी फोन करा.

डिझाइन विभाग

*

मेल संपला. तो लांब वाटेल, पण यातली एखादी ओळ काढून बघा, कुठे ना कुठे माल वाया जातो.

सगळ्यात आधी डेटम. ड्रॉइंगवर एक छोटा त्रिकोण आणि त्याला जोडलेल्या चौकोनात एक अक्षर असतं. त्याचा अर्थ असा, की इथून मोजायला सुरुवात करायची. फेस ए म्हणजे कव्हरचा बॉडीवर टेकणारा पृष्ठभाग, तो पहिला डेटम. दुसरा बोअर. भोकाच्या मापाशेजारी एक आडवी चौकट असते, तिच्यात टॉलरन्स आणि मग क्रमाने अक्षरं: आधी ‘ए, बी, सी’, आता ‘ए, डी’. त्रिकोण ड्रॉइंगच्या दुसऱ्या कोपऱ्यात असतो आणि चौकट तिसरीकडे. म्हणून बोअरला पुन्हा बी हेच अक्षर दिलं असतं, तर चौकट जवळपास जुनीच दिसली असती, आणि बदललेला त्रिकोण शोधायला कुणी गेलं नसतं. नवं अक्षर वापरल्यावर वाचणारा निदान एकदा थबकतो. अशा बारीक गोष्टीला कुठल्या नियमाची गरज नसते, पण ज्यांनी एकदा हात पोळून घेतले आहेत ते ही काळजी घेतात.

तिसरं अक्षर गेलं कुठे, असा प्रश्न पडेल. दोन कडा असताना कव्हर कसंही फिरवता येत नव्हतं. आता फक्त गोल बोअर आहे, तर दोन भोकांची जोडी बोअरभोवती किंचित फिरलेली असली तरी ओकेच ठरेल. ते चालतं. बोअर गोल आहे, फिरला काय आणि नाही काय, शाफ्टला फरक पडत नाही. चार बोल्टांची भोकंही त्याच दोन डेटमवरून एकत्रच मोजायची असतात, त्यामुळे तीही जोडीबरोबर फिरतात. कव्हरची बाहेरची कड बॉडीच्या कडेशी चाळीस-पन्नास शतांश वाकडी दिसेल, एवढंच. गरज नसलेला डेटम काढून टाकणं हा डिझाइनरच्या शहाणपणाचा भाग आहे, आणि तो सर्रास विसरला जातो. मेलमध्ये कडांचं मशीनिंग वगळलं आहे ते त्यामुळेच. कडा काहीच ठरवत नसतील तर त्यांना मशीनवर का चढवायचं? वर्कशॉपचा एक सेटअप वाचला, आणि भोक जास्त नेमकं करायला लागलेला वेळ थोडाफार भरून निघाला.

व्यासाच्या वर्तुळाबद्दल मेलमध्ये मुद्दाम एक वाक्य आहे, तेही गरजेचं आहे. पूर्वी भोकाची जागा एक्समध्ये इतकी प्लस-मायनस आणि वायमध्ये इतकी प्लस-मायनस अशी द्यायचे. त्यातून चालणारी जागा चौकोनी होते. कोपऱ्यात गेलेलं भोक खरं तर जास्त चुकलेलं असतं, तरी पास होतं. आणि मधल्या बाजूला तेवढंच अंतर चुकलेलं भोक नापास होतं. पिनेला कोपरा कळत नाही, तिला फक्त अंतर कळतं. म्हणून वर्तुळ. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात स्कॉटलंडमधल्या अलेक्झांड्रिया गावच्या रॉयल टॉर्पीडो फॅक्टरीत काम करणाऱ्या स्टॅनली पार्कर यांना या ‘खऱ्या जागे’च्या कल्पनेचं श्रेय दिलं जातं. आज तीच पद्धत आयएसओच्या ११०१ आणि ५४५९ या मानकांत, आणि अमेरिकेत एएसएमई वाय १४.५ मध्ये आहे. त्यात एक हिशेब नेहमी करावा लागतो. समजा सीएमएमने सांगितलं की भोक एक्समध्ये ०.०१५ आणि वायमध्ये ०.०२० ने चुकलं आहे. दोन्ही आकडे ०.०२५ पेक्षा लहान, म्हणून सुखेनैव ओके? नाही. केंद्रापासूनचं सरळ अंतर काढायचं:

```
2 × √(0.015² + 0.020²) = 2 × 0.025 = 0.05
```

बरोबर मर्यादेवर. एखादा मायक्रॉन इकडे-तिकडे झाला असता तर नापास. म्हणूनच बाईंनी ‘ओके’ऐवजी एक्स आणि वाय वेगळे मागितले. नुसत्या ‘ओके’वरून कळत नाही की मशीन कुठल्या बाजूला सरकतं आहे, आणि पुढच्या जॉबला ते किती सरकलेलं असेल.

मेल मिळाल्यावर मालकांनी फोन केला. त्यांना लगेच सुचलेली युक्ती कुठल्याही जुन्या फिटरला सुचली असती: “मॅडम, जिग तसंच ठेवतो. कडेवर टेकणाऱ्या पिना काढतो आणि मधोमध ६२ चा एक प्लग बसवतो. कव्हर त्यावर बसवलं की बोअरवरूनच सेट झालं ना?” तर्क बरोबर आहे. पण प्लग बोअरमध्ये बसायला थोडा बारीक हवा, नाहीतर तो आत शिरणार नाही. नेहमीच्या सरकत्या बसणीचा जी-६ प्लग घेतला तर तो ६१.९७१ ते ६१.९९० असेल. बोअर एच-७, म्हणजे ६२.००० ते ६२.०३०. प्लग बारीक आणि बोअर मोठा निघाला तर मधली ढिलाई ०.०५९. कव्हर एका बाजूला ढकललं गेलं तर बोअर प्लगच्या केंद्रापासून जवळपास ०.०३ सरकेल. म्हणजे ड्रिल भोकाला लागायच्या आधीच ०.०२५ ची सूट संपून गेली. एकेका कव्हरला ते कदाचित ०.०१० मध्ये बसेलही, पण नेमकं कुठलं सरकलं ते कोण सांगणार?

वाट दोन प्रकारे निघते. एक, ताणून बोअरच्या भिंतीला घट्ट लागणारं एक्स्पांडिंग मँड्रेल. त्यात ढिलाई उरत नाही. दुसरी वाट सोपी आणि बहुतेक वेळा चांगली: फेस ए, बोअर आणि डॉवेल होल, तिन्ही व्हीएमसीवर एकाच क्लँपिंगमध्ये. कव्हर बाहेरच्या ओतीव बाजूने धरायचं, फेस मारायचा, बोअर करायचा, आणि जॉब न सोडता लगेच भोकं. जॉब दुसऱ्यांदा धरलाच नाही, तर धरण्यातली चूकही येत नाही. उरते फक्त मशीनच्या टेबलाची चाल. मालकांनी ही वाट घेतली, पण एक हरकत नोंदवली, आणि ती योग्य होती: कव्हर आतापर्यंत लेथ, मिलिंग आणि रेडियल ड्रिल अशा तीन जुन्या मशीनवर फिरत होतं, आता सगळा वेळ व्हीएमसीवर जाईल आणि व्हीएमसीचा तासाचा दर जास्त असतो. दराची बोलणी वेगळी करायला हवीत, आणि ड्रॉइंग बदलणाऱ्याने ही गोष्ट आधीच खरेदी विभागाला सांगायला हवी. मेलमध्ये हा एक मुद्दा राहून गेला होता.

आधी बोअर तयार करून दुसऱ्या मशीनवर भोकं करायची वेळ आलीच, तर ऑपरेटरला जुनी सवय मोडावी लागते. आतापर्यंत तो एज फाइंडर घेऊन डाव्या कडेला स्पर्श करायचा, खालच्या कडेला स्पर्श करायचा आणि तिथून मापं घालायचा. आता स्पिंडलमध्ये डायल लावून बोअरच्या आतून पूर्ण गोल फिरवायचा, काटा जागचा हलेनासा होईपर्यंत टेबल सरकवायचं आणि तिथे G54 चा शून्य नोंदवायचा. डायल लावण्याआधी बोअर पुसायचा. एखादा चिप भिंतीला चिकटलेला असला तर काटा तिथे उसळतो आणि शून्य खोटा निघतो. प्रोग्राममधले आकडे बदललेले नसले तर मात्र अनर्थ. कडेवरून मोजलेले जुने आकडे आणि बोअरमधला नवा शून्य एकत्र आले तर भोक कव्हरच्या बाहेर पडेल, आणि ते निदान लगेच दिसेल. न दिसणारी चूक जास्त वाईट: नव्या प्रोग्रामने भोकं पाडली आणि तपासणी जुन्या सीएमएम प्रोग्रामने केली, तर चांगला माल नाकारला जातो आणि वाईट माल पुढे जातो, तोही हिरव्या शिक्क्यासकट.

भोकाच्या व्यासाची गोष्ट त्यामानाने सरळ आहे. आधी १० चं ड्रिल मारलं की काम व्हायचं, कारण ड्रिल थोडं मोठं भोक पाडतंच आणि त्यासाठी दशांश मिलिमीटरची जागा होती. आता पंधरा मायक्रॉन आहेत, ड्रिल एकट्याने ते साधणार नाही, रीमर लागणार. मात्र रीमरच्या स्वभावाबद्दल मेलमध्ये जे लिहिलं आहे ते नव्या भोकांनाही लागू पडतं. रीमरचे दात समोरच्या भोकाच्या मागेमागे जातात. ड्रिल बीडात शिरताना कठीण ठिपक्यावरून किंचित घसरलं तर रीमर त्याच घसरलेल्या जागेत छान गुळगुळीत एच-७ भोक करून देतो. व्यास बरोबर, जागा चूक. त्यामुळे क्रम असा ठरला: आधी स्पॉट ड्रिलने खूण, मग ९.५ चं ड्रिल, मग छोट्या बोरिंग टूलने ते भोक जागेवर आणून ९.८ करायचं, आणि शेवटी १० एच-७ चा रीमर. तपासायला गो-नोगो प्लग गेज. गो बाजू स्वतःच्या वजनाने आत जायला हवी, नोगो बाजू तोंडावरच अडायला हवी. पण हे गेज व्यास सांगतं, जागा सांगत नाही. सीएमएम नसलेल्या दुकानात जागा मोजायची तर बोअरमध्ये घट्ट प्लग, भोकांत घट्ट पिना आणि ग्रॅनाइटच्या टेबलावर हाइट गेज. वेळ लागतो, पण होतं.

जुन्या भोकांची संख्या आली, आणि बाईंनी बारा मिलिमीटरच्या दुरुस्तीला परवानगी दिली. त्या कव्हरांना वेगळा पार्ट नंबर का, हे वर्कशॉपला आधी पटलं नव्हतं. रिव्हिजन ०४ चं कव्हर जुन्या गिअरबॉक्सवरही बसतं, कारण पिना अजून दहाच्याच आहेत. म्हणून पार्ट नंबर तोच राहतो आणि फक्त रिव्हिजन पुढे सरकतं. बारा मिलिमीटर भोकांचं कव्हर मात्र पायरीच्या पिनेशिवाय बसणार नाही. स्टोअरमध्ये ते दोघं एकाच नंबरखाली ठेवले, आणि उद्या कुणा दूरच्या ग्राहकाला सुटा भाग म्हणून गेले, तर तिथला फिटर हातात कव्हर घेऊन बघतच राहील.

मालकांचा शेवटचा प्रश्न मात्र असा होता, की त्यासाठी बाईंना पुन्हा ड्रॉइंगच्या फायली उघडाव्या लागल्या. “मॅडम, कव्हर आमच्याकडे होतं. बॉडी आमच्याकडे होत नाही. बॉडीतली पिनांची भोकं कुठून मोजतात?” वरचा सगळा हिशेब बॉडी अचूक आहे असं धरून केला होता. कव्हरमध्ये आता भोक आणि बोअर यांच्यात ०.०२५, आणि पिनेच्या ढिलाईचे ०.०१२, मिळून ०.०३७ एवढीच चूक उरते. आधीच्या जवळपास चौथा हिस्सा. पण पिना बॉडीत ठोकलेल्या असतात, आणि बॉडीतलं बेअरिंग बॉडीच्या बोअरमध्ये. तिथलं नातं चुकलं तर कव्हरने कितीही नेम धरला तरी शाफ्ट तिरकाच. बॉडीचं ड्रॉइंग काढून पाहिलं. डॉवेल होलच्या चौकटीत अक्षरं होती ‘ए, बी, सी’, आणि बी म्हणजे बॉडीची डावी कड.

दुसऱ्या दिवशी बॉडी करणाऱ्या वर्कशॉपलाही एक मेल गेला. विषयाच्या ओळीत रिव्हिजनचा आकडा वेगळा होता, बाकी मजकूर जवळपास हाच.